उणे वजनाच्या शेळ्या

जळगावकडच्या एका कृषी महाविद्यालयात डॉ. बन्सीलाल नावाचे गाईड आहेत. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक माझ्यावर दावा लावतील, आणि दाव्यातले आकडेही बन्सीलाल सरांकडूनच तपासून घेतील, मग मीच जिंकेन. फुकटचा वेळ जायचा.

सर वांग्याचे गाईड, केळीचे गाईड, बाजरीचे गाईड, मध्यंतरी शेळ्यांचेही गाईड होते. ज्याला कुठल्याच विषयातलं फार माहीत नसतं त्याला सगळेच विषय सारखे सोपे जातात. केबिनमधली त्यांची खुर्ची इतकी वर्षं रिकामी राहिली, की एका पावसाळ्यात तिला मोड फुटले म्हणतात. ती सागाची होती. मी पाहिले ते मोड. खोटं वाटत असेल तर खुर्ची अजून तिथेच आहे, आणि अजून रिकामीच आहे.

आता सरांचा सिद्धांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

प्रयोग केला की आकडे येतात. औषधांच्या गटांच्या सरासरींची तुलना करायची तर नेहमीची जी चाचणी असते, ती दोन गोष्टी गृहीत धरते. एक, प्रत्येक आकड्यातून त्याच्या गटाची सरासरी वजा केल्यावर जे उरतं ते साधारण घंटेच्या आकारात पसरलेलं असावं. याला म्हणायचं नॉर्मल. दोन, सगळ्या गटांचा पसारा जवळपास सारखा असावा. एका गटातली झाडं एकमेकांना चिकटून आणि दुसऱ्यातली रानोमाळ, असं नको. हे तपासायला दोन चाचण्या आहेत, शापिरो-विल्क आणि लेव्हीन. दोन्हींत एक पी नावाचा आकडा मिळतो. इथे पी बारीक आला, ०.०५ च्या खाली गेला, तर ती धोक्याची घंटा. गृहीतक मोडलंय, काहीतरी करा.

पण औषधाचा परिणाम पाहताना हाच पी बारीक आला तर गाईडला आनंद होतो, कारण फरक सापडला, आकड्याला दोन स्टार लागले, पेपर छापला. बन्सीलाल सरांनी तेवढंच उचललं. बारीक पी म्हणजे चांगलं. कुठेही. शापिरोचा पी ०.००३ आला की सर पेढे मागवत. "हायली सिग्निफिकंट! म्हणजे हायली नॉर्मल!" आणि ०.४ आला, म्हणजे आकड्यांत काही खोट दिसलीच नाही, की त्यांचा चेहरा पडे. "बिघडलंय रे. लॉग घे." म्हणजे प्रत्येक आकड्याच्या जागी त्याचा लॉगॅरिदम घालायचा, की लांब पसरलेले आकडे आवळले जातात.

म्हणजे काय करत होते सर? आजाऱ्याला शाबासकी देऊन घरी पाठवत होते आणि धडधाकट माणसाला आजारी पडेपर्यंत इंजेक्शनं टोचत होते. इतकी वर्षं. आणि सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केल्या. मला धुळ्याहून समितीवर बोलवत, कारण नियमात संख्याशास्त्राचा एक माणूस लागतो. एसटीने जायचं, चहा घ्यायचा, बिस्किट बुडवायचं, ते कपात पडायच्या आत सही करायची. थिसिस माझ्या हातात कधी दिलाच नाही कुणी. फक्त सहीचं पान.

या सरांच्या तावडीत सादिया सापडली. नशिराबादची पोरगी. बाप अरशद पिंजारी, गाद्या भरणारा. धुळ्याला एका प्रकल्पात तिची संशोधन सहायक म्हणून निवड झालेली होती, पण पदवी हातात असली तरच रुजू करून घेणार होते. व्हायवा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा, पार पडला तर नोकरी, नाही तर जागा दुसऱ्याला.

तिचा प्रयोग वांग्यावरच्या फळ पोखरणाऱ्या अळीचा. कुंड्यांतली झाडं, चिठ्ठ्या टाकून चार गटांत वाटलेली. एका गटाला नुसतं पाणी, एकाला निंबोळी अर्क, एकाला रासायनिक औषध, आणि एकाला खुद्द सरांचा दशपर्णी अर्क. त्यात दहा झाडांचा पाला असतो आणि सरांच्या सांगण्याप्रमाणे अकरावी त्यांची प्रतिभा. मोजायचं काय, तर दर झाडामागे न किडलेल्या वांग्यांचं वजन.

तिने तपासणी केली. शापिरोचा पी ०.००३. लेव्हीनचा ०.०१. दोन्ही नापास. ती केबिनमध्ये गेली. सर त्या दिवशी चुकून हजर होते.

"सर, दोन्ही गृहीतकं फेल झालीत."

सरांनी कागद पाहिला आणि उभेच राहिले. "फेल? अगं सादिया, ०.००३! माझ्या पूर्ण करिअरमध्ये इतकी नॉर्मल वांगी आली नाहीत!"

"सर, पी कमी म्हणजे नॉर्मल नाहीत असं..."

"कुणी शिकवलं?"

"पुस्तकात आहे, सर."

"पुस्तकं परदेशात छापतात. तिकडे भरताची वांगी होत नाहीत." सर बसले. "हे बघ, मुली. नॉर्मल लिही, पसारा सारखा लिही, साधी चाचणी लाव. दशपर्णीला स्टार येतो की नाही?"

"साध्या चाचणीत येतो, सर. पण..."

"पण नाही. स्टार आला की थांबायचं. आकाशात सुद्धा स्टार दिसला की माणूस वर बघतो, पुस्तकात नाही बघत."

हे वाक्य सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते त्याच दिवशी स्टाफरूममध्ये पुन्हा म्हटलं, आणि कुणी हसलं नाही म्हणून परत एकदा म्हटलं.

समितीच्या यादीत माझं नाव वाचून पोरगी एसटीत बसून माझ्याकडे धुळ्याला आली. मी ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो. तिने पिशवीतून आलेख काढले. मी पाहिले. निंबोळीवाली झाडं शहाण्या पोरांच्या रांगेसारखी, सगळी एका उंचीला. पाण्याची तशीच, खाली. आणि सरांचा दशपर्णी! एक झाड वांग्यांनी लगडलेलं, शेजारचं पार पोखरलेलं, तिसरं मधेच कुठेतरी. पसारा असा, जणू आठवडी बाजारात बैल सुटलाय.

"काय काय करून पाहिलंस?" मी विचारलं.

"लॉग घेतला, वर्गमूळ घेतलं. वर्गमुळाने आकार बरा झाला, आबा, पण पसारा तसाच राहिला. मग मूळ किलोतच ठेवलं आणि वेल्चची चाचणी लावली. ती पसारा सारखा असायला पाहिजे असं म्हणत नाही. नंतर जोडीजोडीने तुलनेला गेम्स-हॉवेल."

"आणि आकाराचं?"

"गट सारख्या संख्येचे आहेत, लहान नाहीत. एवढ्या वाकडेपणाला वेल्च टिकते. तसं कारण देऊन लिहिलंय."

"रँकवाली चाचणी का नाही लावली? सगळे तिथेच धावतात."

"पसारा वेगळा असला तर ती सरासरीबद्दल सांगत नाही ना, आबा. मग माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही मिळत."

मी शेंगा खाली ठेवल्या. आयुष्यभर शिकवलं, पण या प्रश्नाला हे उत्तर मला याआधी एकदाच मिळालं होतं. आणि ते मी स्वतःलाच दिलं होतं.

"मग वेल्च काय म्हणते?"

"निंबोळी पाण्यापेक्षा सरस, स्पष्ट. दशपर्णीचा पी ०.११. म्हणजे फरक आहे असं म्हणता येत नाही. साध्या चाचणीत तोच ०.०२ येतो, कारण ती चारही गटांचा पसारा एकत्र कालवते. शांत गटांच्या जिवावर दशपर्णीचा गोंधळ झाकला जातो."

"शाब्बास. असंच लिही."

"सर सही करणार नाहीत."

"करतील. तो माणूस थिसिसमधलं एकच पान वाचतो. आभाराचं. तिथे त्याला 'वंदनीय' लिही, दोनदा लिही. बाकी त्याला रेल्वेचं वेळापत्रक बांधून दिलंस तरी कळायचं नाही."

तिने तीनदा लिहिलं. सरांनी जागेवर सही केली.

व्हायवाच्या दिवशी समितीवर मी होतोच; बाहेरचे परीक्षक आले, डॉ. भूषण. हे बन्सीलाल सरांचेच जुने विद्यार्थी. शेळ्यांच्या वेळचे. परीक्षक बाहेरचा असावा असा नियम आहे, म्हणून सर आपलाच माणूस आधी बाहेर पाठवतात आणि मग आत बोलावतात. भूषण आता मोठे झाले होते. सूट होता, सुटाच्या आत पोट होतं, आणि पोटाच्या आत बन्सीलाल सरांची विद्या तशीच्या तशी होती, न पचलेली.

त्यांनी थिसिस चाळला. तक्ता पाहिला आणि मान डोलावली.

"ग्रेट! शापिरो ०.००३, लेव्हीन ०.०१. इतका सुंदर डेटा असून हिने वेल्चसारखी अवघड चाचणी लावली, सर. याला नम्रता म्हणतात."

"संस्कार," सर म्हणाले, आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

"फक्त एक किरकोळ चूक आहे." भूषणांनी पेन काढलं. "इथे लिहिलंय, 'ही दोन्ही गृहीतकं पूर्ण होत नाहीत.' तो 'नाहीत' खोड बेटा. 'होतात' कर. मग वेल्चची गरज नाही, साधी चाचणी घाल. दशपर्णीला स्टार लागेल, सरांचा अर्क शेतकऱ्यांसाठीच्या शिफारशीत जाईल. मी आत्ता सही करतो, तू उद्या धुळ्याला रुजू हो."

पेन टेबलावरून घरंगळत सादियासमोर थांबलं. एक शब्द खोडायचा होता. बाहेर व्हरांड्यात अरशद पिंजारी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसलेला दारातून दिसत होता. पुड्याची दोरी तो सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

सादियाने पेनाला हात लावला नाही.

"सर, तो शब्द बरोबर आहे. पी कमी आला म्हणजे गृहीतक मोडलं. आपण उलटं वाचतोय."

भूषण हसले. सर हसले नाहीत. शिपाई वना चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला. तो काही महत्त्वाचं घडणार असलं की कायम दारातच थांबतो, आणि चहा गार होतो.

"मग असं करू," मी म्हणालो. बिस्किट बाजूला ठेवलं, त्यावरून ओळखा प्रसंग किती गंभीर होता. "इथे कॉम्प्युटर आहे. वाकडे आहेत हे सगळ्यांना उघड दिसतं असे आकडे घालू. बन्सीलाल, तुमच्या नियमाने ते नॉर्मल ठरले तर नियम चुकीचा. कबूल?"

"कबूल. घाला कुठलेही."

"तुम्ही वर्गावर दररोज किती मिनिटं शिकवता ते घालू."

हे ऐकून शेजारच्या प्रयोगशाळेतल्या अळीने वांगं कुरतडायचं थांबवलं. मी ऐकलं.

"दहा दिवसांचे घाल, पोरी," मी म्हणालो. "नऊ वेळा शून्य. आणि एकदा पंचेचाळीस, तपासणी पथक आलं होतं तो दिवस."

"तो दिन बी चाळीसच शे," वना दारातून म्हणाला. "पाच मिनिटं खडू सापडे ना."

"मग चाळीस घाल."

सादियाने मान खाली घालून आकडे घातले. एकही चुकवला नाही. पडद्यावर उत्तर आलं. शापिरोचा पी शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य.

"पाहा बन्सीलाल," मी म्हणालो, "तुमच्या सिद्धांताप्रमाणे जगात यापेक्षा नॉर्मल काही नाही. नऊ दिवस शून्य आणि एक दिवस चाळीस. घंटा दिसतेय का यात? मला तर एकच खुंटी दिसतेय, आणि तीही रिकाम्या रानात."

सरांनी चष्मा पुसला. पुसून पुन्हा पाहिलं. शून्यं तिथेच होती.

"आता सरळ घाल," मी म्हणालो. सादियाने निंबोळीच्या गटातली वजनं घातली. एका मध्याभोवती दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली, सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होती. पी आला ०.६१.

"म्हणजे ही नॉर्मल सिद्ध झाली?" भूषणांनी विचारलं. त्यांचा आवाज आता सुटातून येत नव्हता, आतून येत होता.

"सिद्ध नाही, सर," सादिया म्हणाली. "त्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही, एवढंच. म्हणून मी आलेखही जोडलेत."

भूषणांनी पडद्यावरच्या ०.६१ वर बोट ठेवलं. मग हळूच बन्सीलाल सरांकडे वळले.

"सर. माझ्या शेळ्या."

"कुठल्या शेळ्या?"

"माझ्या थिसिसमधल्या! वजनांचा पी ०.५ आला होता. तुम्ही म्हणालात, बिघडलंय, लॉग घे. घेतला. ०.२ आला. परत घे म्हणालात. तिसऱ्या लॉगला ०.०४ आला तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत, सर!"

"मग? झाल्या ना नॉर्मल?"

"अर्ध्या शेळ्यांचं वजन उणे आलं होतं!"

हे खरं आहे. तो तक्ता मी नंतर ग्रंथालयात जाऊन पाहिला. तिसऱ्या लॉगला असं होतं, गणितच तसं आहे. शेळी क्रमांक सात, उणे शून्य पॉइंट एक सहा. त्या शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या म्हणून बरं, नाही तर पारोळ्याच्या किल्ल्यावरून उडत गेल्या असत्या आणि लोकांनी त्यांना बगळे समजलं असतं. चौथा लॉगही घेऊन बघ असं सर म्हणाले होते, पण उणे आकड्याचा लॉग घ्यायला कॉम्प्युटरने साफ नकार दिला. त्या विभागात विवेक दाखवणारा तोच एक.

आणि याच शेळ्यांच्या जोरावर भूषण आज परीक्षक होते. सादियाला पास केलं तर तिचा परिच्छेद बरोबर, आणि तो बरोबर तर शेळ्या गेल्या. नापास करावं, तर मी समोर बसलेलो. आणि माझं तोंड कसं आहे हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे.

"एक विचारू?" ते माझ्याकडे झुकून पुटपुटले. "आबा, शेळ्यांची गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही ना?"

"माझ्या तोंडून? शब्द नाही," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. 'नाहीत' तसाच राहिला, वेल्च तशीच राहिली, दशपर्णीचा स्टार गेला. बन्सीलाल सरांची सही आधीच आभारावर भुलून झालेली होती, ती आता परत कशी घेणार? सादिया बाहेर गेली. अरशदने पुड्याची दोरी या वेळी सोडली ती सोडलीच. मला दोन पेढे मिळाले. दुसऱ्या दिवशी ती धुळ्याला रुजू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या साहेबांनी तिला विचारलं, हा लेव्हीन कोण, आपल्याकडे आहे का कामाला. तिने त्यांना बसवून शिकवलं म्हणे. ते तिचं काम नव्हतं. पण मग कुणाचं होतं?

शेळ्यांबद्दल मी शब्द पाळला. ही गोष्ट मी फक्त साक्रीच्या बाजारात सांगितली, एका लग्नात सांगितली, आणि आता तुम्हाला. खोलीबाहेर म्हणावं असं कुठे सांगितलीच नाही.

राहिले बन्सीलाल सर. तुम्हाला वाटलं असेल माणूस खजील झाला, पुस्तक उघडून बसला. इतका वेळ काय ऐकलंत मग? पंधरवड्यात त्यांनी कार्यशाळा भरवली. विषय, 'गृहीतकांची तपासणी : नेहमीच्या चुका'. मार्गदर्शक स्वतःच. मलाही आमंत्रण होतं. सर व्यासपीठावर उभे राहून टेबलावर मूठ आपटत होते, "बारीक पी पाहून नाचू नका! मोठा पी, तोच चांगला! मी आयुष्यभर हेच सांगत आलोय!" लोक लिहून घेत होते.

परवा त्यांच्या नव्या विद्यार्थ्याच्या व्हायवाला गेलो. पोराचं नाव शेहजाद, अर्क तोच, दशपर्णी. शापिरोचा पी ०.३, ठीक. लेव्हीनचा ०.४, ठीक. मला क्षणभर वाटलं, चला, शिकला माणूस. मग मुख्य तक्ता उघडला. औषधांच्या परिणामाचा पी ०.७१. म्हणजे पाणी मारलं काय आणि अर्क मारला काय, फरक सापडलाच नाही. आणि त्या ०.७१ ला सरांनी स्वतःच्या हाताने तीन स्टार काढले होते, लाल पेनाने.

"आबा," सर हळूच म्हणाले, पेढ्यांचं ताट माझ्याकडे सरकवत, "या वेळी दशपर्णी जिंकला."

मी पेढा घेतला. सही केली नाही. पेढा बरा होता.